साडेसातची भूक

मोबाइलवर फिरणाऱ्या आरोग्यसंदेशांत भुकेची एक झटपट परीक्षा असते. खरी भूक हळूहळू लागते, मनाची भूक एकदम उसळते. खरी भूक काहीही खाऊन भागते, मनाच्या भुकेला ठरावीक पदार्थच लागतो. वाचताना हे पटतं. पण संध्याकाळी साडेसातला दमून घरी आलेल्या माणसाने ही परीक्षा स्वतःला लावून पाहिली, की गोंधळ उडतो. भूक एकदम उसळलेली असते, फरसाणच हवं असतं, आणि तरीही पोट खरोखर रिकामं असतं. दिवसभराचा ताण आणि दुपारपासूनचा उपास अशा दोन गोष्टी एकाच वेळी स्वयंपाकघरात शिरलेल्या असतात. त्यांना वेगळं कसं करायचं, हा या लेखाचा विषय. त्यासाठी आधी भूक म्हणजे शरीरात नेमकं काय घडतं ते पाहावं लागेल.

1912 साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न यांनी भुकेवरचा एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. वॉशबर्नने घशातून नळी उतरवून घेण्याचा बरेच दिवस सराव केला आणि मग नळीला जोडलेला एक रबरी फुगा गिळला. फुगा पोटात फुगवला, की जठर आवळलं जाताना त्याच्यावर पडणारा दाब बाहेरच्या यंत्रावर रेषेने उमटायचा. पोटात भुकेची कळ आली की वॉशबर्नने एक बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम. कळा आणि जठराचं आवळणं यांची वेळ जुळली. पोटात कावळे ओरडतात तेव्हा आत खरंच काहीतरी हलत असतं, याचा हा पुरावा होता. मात्र कथा इथे संपली नाही. शस्त्रक्रियेने जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते, हे नंतर दिसून आलं. शिवाय पोटातली गुरगुर जेवल्यानंतर पचन चालू असतानाही होते. तेव्हा आवाज झाला म्हणजे भूक लागली, हा हिशेब कच्चा आहे.

दुसरा मोठा धागा हाती आला 1999 मध्ये. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाने घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधून काढलं. ते मुख्यतः जठरातून रक्तात येतं आणि मेंदूला भुकेचा निरोप देतं. जेवणाआधी त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, जेवल्यावर उतरतं. आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की घ्रेलिन नुसतं पोट रिकामं होण्याची वाट पाहत बसत नाही, ते तुमच्या जेवणाच्या सवयीच्या वेळा पाळतं. रोज एकला डबा उघडणाऱ्याचं घ्रेलिन एकच्या सुमाराला चढू लागतं. त्या दिवशी जेवलाच नाहीत, तरी काही वेळाने ते आपोआप ओसरतं. म्हणूनच ‘भूक मेली’ हा अनुभव सगळ्यांना असतो. भूक लाटेसारखी येते, चढते, उतरते.

यामुळे संदेशातला पहिला निकष ढिला पडतो. घड्याळाने शिकवलेली भूक एकदम येते आणि तरीही ती शरीराचीच असते. रोज साडेसातला फरसाणाचा डबा उघडण्याची सवय लागली, की शरीर साडेसातची तयारी साडेसातच्या आधीच सुरू करतं. तिला मनाचे लाड म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

आता ताणाकडे वळू. ताणाने भूक वाढते असं सरसकट म्हणतात, पण प्रत्यक्षात त्याचे दोन टप्पे असतात. साहेबांनी बोलावलंय, फाइल सापडत नाहीये, पाच वाजेपर्यंत हिशेब जुळवायचाय, अशा वेळी शरीर तातडीच्या अवस्थेत जातं. अॅड्रिनॅलिन चढतं, जठराचं काम मंदावतं, आणि मेंदूतला ताणाचा पहिला निरोप भूक दाबून टाकतो. त्या तासात डबा समोर असला तरी घास उतरत नाही. पण त्याच ताणाने कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरकही वाढतं आणि ते रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. त्याचा कल खर्च झालेली शक्ती भरून काढण्याकडे असतो. ते भूक वाढवतं, आणि ओढ विशेषतः गोड आणि तेलकट पदार्थांकडे लावतं. दुपारी जी भूक दाबली गेली तीच संध्याकाळी, धोका टळल्यावर, थकबाकीसकट हजर होते. सगळ्यांचं असं होत नाही. काही माणसं ताणात कित्येक दिवस कमीच खातात. पण जी खातात, त्यांची वेळ बहुधा ताण चालू असतानाची नसते, तो सरल्यानंतरची असते. म्हणूनच त्यांना स्वतःलाही तो संबंध दिसत नाही. ‘आता तर काही टेन्शन नाही, मग मी खातेय कशाला?’ असा प्रश्न पडतो.

मग खाल्ल्याने बरं वाटतं का? वाटतं. पण ते श्रेय खाण्याचं आहे का, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या ट्रेसी मान यांच्या गटाने तपासलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोकांना मन खराब करणारे चित्रपटाचे तुकडे दाखवले. नंतर काहींना त्यांचा आवडता, मन सुखावणारा पदार्थ दिला, काहींना दुसराच एखादा पदार्थ दिला, काहींना काहीच दिलं नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचीच मनःस्थिती सुधारली, आणि जवळपास सारखीच सुधारली. म्हणजे मन आपलं आपण सावरत होतं. ज्याच्या हातात त्या वेळी चॉकलेट होतं, त्याने श्रेय चॉकलेटला दिलं, एवढंच. प्रयोगशाळेतलं हलकं दुःख आणि घरातलं खरं दुःख यांत फरक आहे हे मान्य करूनही, ही गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. डब्याकडे हात जायच्या आधी दहा मिनिटं थांबायला का सांगतात, याचं कारण इथे आहे. त्या दहा मिनिटांत मनाला स्वतःहून उतरायला सवड मिळते.

एक नमुना घेऊन पाहू. कल्याणला राहणाऱ्या, फोर्टमधल्या बँकेत काम करणाऱ्या चाळिशीतल्या एका बाईंची कल्पना करा. दुपारी एकला डबा: दोन पोळ्या आणि भेंडीची भाजी, तीही स्क्रीनकडे पाहत खाल्लेली. चारला चहा आणि दोन बिस्किटं. सहाला निघून गर्दीच्या लोकलमधून साडेसातला घरी. रात्रीचं जेवण सगळे जमल्यावर, साडेनऊला. घरी आल्यावर त्या कुकर लावतात आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच फरसाणाचा डबा उघडतात. एक मूठ, मग दुसरी, मग कुकरची शिट्टी होईपर्यंत तोंड चालू. साडेनऊला भूक नसते, पण सगळे बसलेत म्हणून त्या जेवतात. रात्री अपराधी वाटतं. ‘उद्यापासून फरसाण बंद’ असं ठरतं. तीन दिवस ते पाळलं जातं, चौथ्या दिवशी ऑफिसात खटका उडतो आणि अर्धं पाकीट संपतं.

या बाईंना कोणीही सहज सांगेल की तुम्ही ताणामुळे खाता. मला हे निदान घाईचं वाटतं. एक ते साडेनऊ म्हणजे साडेआठ तास. त्या साडेआठ तासांच्या आधारासाठी दोन पोळ्या, भाजी आणि दोन बिस्किटं. डब्यात डाळ नाही, उसळ नाही, दही नाही. पोट भरलेलं राहण्यात प्रथिनांचा वाटा मोठा असतो, आणि इथे नेमकी तीच कमी आहेत. साडेसातला या बाईंना भूक लागली नसती तरच नवल. तिला भावनिक ठरवून दाबायला गेलं, तर शरीराची रास्त मागणी नाकारल्यासारखं होतं आणि चौथ्या दिवशी ती दुपटीने वसूल होते.

हे वसूल होणंही अभ्यासलेलं आहे. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक यांनी तरुणींना चवीच्या चाचणीचं निमित्त सांगून आइस्क्रीम दिलं, जितकं हवं तितकं खायला. त्याआधी काहींना मिल्कशेक पाजला होता. एरवी मोजूनमापून न खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिक आहे. पण सतत खाण्यावर लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर आता कशाला थांबा, असा तो हिशेब. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक होतं. तेव्हा ‘उद्यापासून बंद’ हा निश्चय त्या अर्ध्या पाकिटाचा उपाय नाही, त्याच्या कारणांपैकी एक आहे.

मग करायचं काय? आठवडाभर एका वहीत चार गोष्टी लिहायच्या. खायची इच्छा झाली ती वेळ. त्याआधी शेवटचं कधी आणि काय खाल्लं. भूक शून्य ते दहात किती, म्हणजे शून्याला पोट तुडुंब आणि दहाला भुकेने हात कापतायत. आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं. खाल्लं किती, हे मुद्दाम लिहायचं नाही, कारण ते लिहिलं की वहीची चोपडी होते आणि माणूस खोटं लिहू लागतो.

आकडा ठरवताना शरीरात नक्की कुठे काय वाटतंय ते पाहायचं. पोटात खड्डा पडल्यासारखं, अंगात त्राण नसल्यासारखं, डोकं हलकं, कामात लक्ष नाही, ही बहुधा भूक. जिभेला काहीतरी चाळा हवा, जबडा आवळलेला, छातीत दडपण, आणि पोटाकडे विचारलं तर तिथे विशेष काही नाही, हा बहुधा ताण किंवा कंटाळा. छातीच्या खाली जळजळ होत असेल, तर ते पित्त असू शकतं. पुष्कळ जण तिलाच भूक समजून वर बिस्किटं टाकतात. सर्वांत फसवी गोष्ट चिडचिड. ती ताणाची खूण धरली जाते, पण पाच-सहा तास उपाशी राहिलेला माणूस भुकेनेच चिडतो. अशा वेळी भावनेने भूक लागलेली नसते, भुकेने भावना बिघडलेली असते.

साध्या अन्नाची चाचणीही इथे कामी येते: या क्षणी कोणी गरम वरणभात वाढला तर खाईन का? लगेच ‘हो’ आलं, तर भूक आहे. ‘वरणभात नको, पण शेव चालेल’ असं आलं, तर जिभेचा हट्ट अधिक. उत्तर मध्येच अडकलं, तर दोन्ही आहेत. बहुतेक संध्याकाळी ते मध्येच अडकतं, आणि त्यात चाचणीचा दोष नाही.

आपल्या बाईंची वही आठवड्याने अशी दिसेल असं समजू. सोमवार ते शुक्रवार, साडेसात, आकडा सात किंवा आठ, वरणभात चालला असता. रविवारी संध्याकाळी, चारला पोहे खाल्लेले, आकडा तीन, वरणभात नको, आणि आधीच्या अर्ध्या तासात उद्याच्या मीटिंगचा मेसेज आलेला. डबा दोन्हीकडे तोच, हात तसाच, पण गोष्टी दोन आहेत. एकीवर उपाय खाणं हाच आहे. दुसरीवर खाण्याने फारसं काही होत नाही.

म्हणून आधी पहिलीचा बंदोबस्त. दुपारच्या डब्यात मटकीची उसळ किंवा घट्ट वरण वाढवायचं, आणि साडेपाचला, ऑफिस सोडण्याआधी, मूठभर भाजलेले शेंगदाणे-फुटाणे आणि एक केळं. जमलं तर रात्रीचं जेवण साडेनऊवरून साडेआठला आणायचं. मुंबईच्या वेळापत्रकात हे शेवटचं सर्वांना जमेल असं मी म्हणणार नाही. पण एवढं केलं, की साडेसातला घरात शिरताना आकडा आठवरून चारवर येतो. आता डब्याकडे हात गेला, तर त्यातला ताणाचा भाग किती हे पहिल्यांदाच स्वच्छ दिसतं. भूक बाजूला केल्याशिवाय ते दिसत नाही. सल्ले देणारे बहुतेक जण ही पायरी गाळून थेट मनावर येतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

उरलेल्या भागासाठी ती दहा मिनिटं. हातपाय धुणं, कपडे बदलणं, खुर्चीवर बसून चहा पिणं. दिवसात काय खुपलं ते एका वाक्यात स्वतःशी म्हणायचं: ‘साहेबांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, त्याचा राग आलाय.’ ओढ चढते, टिकते, उतरते. तिच्याशी झटापट न करता ती पाहत राहायचं, हे तंत्र अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीच्या कामात रूढ केलं आणि पुढे ते खाण्याच्या ओढीलाही लावलं गेलं. दहा मिनिटांनी फरसाण नकोसं झालं तर ठीक. हवंच असेल तर खायचं. ही परवानगी खरी असली पाहिजे, नाहीतर दहा मिनिटं ही नवी शिक्षा होते आणि मिल्कशेकवाली गोष्ट पुन्हा घडते.

मात्र खायचं ते वाटीत काढून, बसून, फोन बाजूला ठेवून. सजगपणे खाणं म्हणतात ते इथे सुरू होतं. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या ध्यानवर्गात एकच बेदाणा हातात घेऊन, पाहून, हुंगून, सावकाश चावून खायचा धडा असतो. पुढे जीन क्रिस्टेलर यांनी अनावर खाणाऱ्या लोकांसाठी त्यातूनच खाण्याचं वेगळं प्रशिक्षण तयार केलं. आपल्याकडे चित्राहुती घालणाऱ्यांचा हात पहिल्या घासाआधी ताटाशी थांबतो. त्यामागची श्रद्धा वेगळी, पण ताटाकडे एकदा पाहणं तिथेही घडतं.

बेदाण्याऐवजी फरसाण घेतलं, तर एक मजेदार गोष्ट कळते. एकच चव सारखी खात गेलं, की तिची गोडी कमी होत जाते, आणि दुसरी चव आली की खाणं पुन्हा सुरू होतं. जेवून तृप्त झाल्यावरही श्रीखंडाला जागा होते ती यामुळेच. फरसाणात शेव, पापडी, गाठी, शेंगदाणे, आंबटगोड बुंदी एकत्र असतात, म्हणजे दर मुठीत चव बदलते आणि जीभ कंटाळायची राहते. 100 ग्रॅममध्ये 500च्या वर कॅलरी, म्हणजे वजनाच्या मानाने ऐवज भारी. नुसती शेव वाटीत घेऊन सावकाश खाऊन पाहा: पहिल्या तीन-चार घासांना जी चव असते, ती आठव्या घासाला नसते. ती कमी झालेली कळणं, हाच थांबण्याचा इशारा. उभ्याने, फोन पाहत खाल्लं तर तो कळत नाही.

फोनचं आणखी एक नुकसान आहे, आणि ते नंतर होतं. 1998 मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मृतिलोप झालेल्या दोन रुग्णांना जेवण दिलं. जेवण झाल्यावर 10 ते 30 मिनिटांत पुन्हा ताट ठेवलं, तर ते पुन्हा जेवले, कारण आधी जेवल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. पोट भरल्याची जाणीव काही अंशी आठवणीवर उभी असते, असा याचा अर्थ. स्क्रीनकडे पाहत खाल्लेल्या डब्याची आठवण पुसट राहते, आणि अशा जेवणानंतर लोक पुढचं खाणं जास्त खातात असंही इतर अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे त्या बाईंच्या साडेसातच्या मुठीचं एक कारण एक वाजताच्या स्क्रीनमध्येही आहे.

एवढं करून वजन उतरेल का? खात्री देता येत नाही. सजग खाण्याने अनावर आणि भावनेपोटी खाणं कमी होतं, याला बऱ्यापैकी आधार आहे. वजनावरचा परिणाम मात्र लहान आणि अनिश्चित दिसतो. वजनासाठी हे सुरू करणारे महिन्याभरात काटा पाहून सोडून देतात.

काही ठिकाणी ही पद्धत लावूच नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, आणि एकदम भूक, घाम, थरथर, धडधड सुरू झाली, तर ते घाबरल्यासारखंच दिसतं, पण रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तिथे दहा मिनिटं थांबून मन पाहत बसायचं नाही. साखर तपासायची. 70च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर साधारण 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज लगेच घ्यायचं, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगून औषधाची मात्रा बदलून घ्यायची. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक वाढते तीही औषधाची असते, मनाची नाही.

आणि आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने किंवा अधिक काळ, थोड्या वेळात फार मोठ्या प्रमाणात खाणं होत असेल, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नसेल, लोकांपासून लपून, पोट दुखेपर्यंत खाल्लं जात असेल, तर त्याला वैद्यकात स्वतंत्र आजार म्हणून नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. तिथे वही आणि वाटी पुरत नाही, आणि घरच्यांनी डबे कुलपात ठेवल्याने ते वाढू शकतं. अशा माणसाने मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना ‘मी जास्त खातो’ एवढंच सांगू नये. किती वेळा, किती वेळात, आणि थांबता येतं की नाही, हे तीन तपशील सांगावेत. निदानात त्यांचा मोठा वाटा असतो.